धागा : वॉश करून आठ तासांत बेड पुन्हा जाम. वाळू बदलायची की वॉशच कमी पडतोय?

रात्रपाळी_फिल्टर

नमस्कार मंडळी. तालुक्याच्या गावच्या जलशुद्धीकरण केंद्रावर ऑपरेटर आहे. केंद्र 5 एमएलडीचं, नदीचं पाणी. दोन रॅपिड सँड बेड आहेत, प्रत्येक 6 बाय 4 मीटर. पूर्वी पावसाळ्यात दिवसातून एकदा आणि उन्हाळ्यात दोन दिवसांतून एकदा बॅकवॉश करायचो. आता वॉश करून आठ तास होत नाहीत तोच बेडवर पाणी चढायला लागतं, आउटलेट व्हॉल्व्ह पूर्ण उघडला तरी खाली पाणी जात नाही. म्हणजे दर पाळीत दोन वॉश. प्रत्येक वॉश पंधरा मिनिटांचा, गटारात पडणारं पाणी नितळ दिसेपर्यंत.

ठेकेदार म्हणतो वाळू मेली आहे, दोन्ही बेड बदला. वरचे साहेब म्हणतात वॉश नीट करत नाही. माझा प्रश्न दोघांच्या मधला आहे. वॉश पुरेसा जोरात होतोय की नाही हे मोजायचं कसं? आणि बेड धुवायची वेळ झाली हे पाणी चढण्याआधी कसं कळणार? आमचा हेडलॉसचा गेज दोन वर्षं एकाच आकड्यावर अडकून बसला आहे.

सचिन_ठेका

ही ठेकेदाराची लूट वगैरे नाही हां, आधीच सांगतो. मी पण हेच काम करतो. वाळू किती वर्षांची आहे? दहा वर्षांच्या पुढे गेली असेल तर कण गुळगुळीत होतात, गाळ धरतात. तोपर्यंत वॉश वीस-पंचवीस मिनिटं करा. पंधरा कमी पडतात. पाणी स्वच्छ दिसलं तरी आणखी पाच मिनिटं चालू ठेवा. आणि टेप लावून वाळूची उंची बघा. गटाराच्या काठापासून खाली मोजा, मूळ ड्रॉइंगशी ताडून पाहा. बऱ्याच ठिकाणी वाळू वाहून गेलेली असते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

सोसायटी_सेक्रेटरी

आमच्या सोसायटीच्या स्विमिंग पूलला हाच त्रास होता. वरच्या मल्टिपोर्ट व्हॉल्व्हचं हँडल बॅकवॉशवर घ्या, काचेतून पाणी स्वच्छ दिसेपर्यंत चालवा, मग रिन्सवर घ्या. आमच्याकडे प्रेशर गेज नेहमीपेक्षा अर्धा बार वर गेला की धुतो. तीन वर्षं झाली, काही त्रास नाही. पंपाचं बास्केट पण बघा, केस अडकलेले असतात.

रात्रपाळी_फिल्टर

@सोसायटी_सेक्रेटरी, दादा, आमचे बेड उघडे आहेत, काँक्रीटचे. 24 चौरस मीटरचा एक. हँडल नाही, चार-पाच स्लुईस व्हॉल्व्ह आहेत आणि ते फिरवताना दोन माणसं लागतात :)

@सचिन_ठेका, वाळूची उंची मोजली. ड्रॉइंगवर 75 सेंटीमीटर आहे. आता 62 निघाली.

अण्णा_निवृत्त

मी 31 वर्षं फिल्टर हाऊसला होतो, आता घरी आहे. रात्रपाळी, तुमचा प्रश्न बरोबर आहे. वाळू बदलायचा निर्णय शेवटी घ्यायचा असतो, त्याआधी घड्याळ आणि खडू घ्या.

वॉशचा वेग मोजायला फ्लो मीटर लागत नाही. बेडमधलं पाणी वाळूच्या पातळीपर्यंत उतरू द्या. भिंतीवर खडूने दोन रेघा मारा, खालची वाळूच्या वर साधारण वीतभर आणि दुसरी तिच्या वर 30 सेंटीमीटर. दोन्ही रेघा गटारांच्या तळाच्या खाली असल्या पाहिजेत. गटारं सुरू झाली की मोकळी जागा कमी होते, पाणी झरझर चढतं आणि तुमचा आकडा फुगतो. वॉशचा व्हॉल्व्ह हळूहळू उघडा, अर्ध्या मिनिटात पूर्ण. पहिली वीतभर त्यातच जाईल, ती धरायची नाही. पाणी खालच्या रेघेला लागलं की घड्याळ सुरू, वरच्या रेघेला लागलं की बंद.

आता हिशोब. 1 चौरस मीटरवर 1 सेंटीमीटर पाणी म्हणजे 10 लिटर. म्हणजे पाणी मिनिटाला 60 सेंटीमीटर चढलं तर चौरस मीटरला 600 लिटर. बेडचं क्षेत्रफळ किती हे यात लागतच नाही. नुसत्या पाण्याने धूत असाल, हवा देत नसाल, तर आपल्या वाळूला याच्या आसपासचा वेग लागतो. हवा देत असाल तर 400 ते 500 मध्ये भागतं.

तुमच्याकडे ब्लोअर आहे का? त्याबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाही.

रात्रपाळी_फिल्टर

ब्लोअर आहे अण्णा, पण दीड वर्ष बंद. बेअरिंग गेलं, दुरुस्तीची फाईल कुठेतरी आहे. तेव्हापासून नुसत्या पाण्याने धुतो.

खडूची चाचणी आज पहाटे केली. 30 सेंटीमीटर चढायला 52 सेकंद लागले. म्हणजे मिनिटाला साधारण साडेचौतीस सेंटीमीटर. चौरस मीटरला 345 लिटर. हे फारच कमी आहे ना?

अण्णा_निवृत्त

अर्ध्याच्या जवळ. आणि हवा नाही. दीड वर्ष तुमची वाळू धुतली गेलेली नाही, नुसती भिजली आहे.

@सचिन_ठेका, वेळ वाढवा हे तुम्ही म्हणालात ते अर्धंच बरोबर आहे. वेगाची भरपाई वेळ करत नाही. वाळू धुतली जाते ती कण उचलून एकमेकांवर घासले गेल्यावर. कण सुटे व्हायलाच ठरावीक वेग लागतो. त्याच्या खाली पाणी कणांच्या मधल्या वाटांनी वर निघून जातं, सोबत फक्त वरचा सुटा गाळ नेतं आणि गटारात पाणी नितळ दिसायला लागतं. तुम्ही 15 मिनिटं धुवा की 40, कणाला चिकटलेला थर तसाच. गटारातल्या नितळ पाण्यावर विसंबणं ही या कामातली सगळ्यात जुनी फसगत आहे. मीही नोकरीच्या सुरुवातीला दोन पावसाळे फसलो.

आणि पाण्याचा खर्च बघा. चौरस मीटरला 345 लिटर, 24 चौरस मीटर, 15 मिनिटं. एका वॉशला सव्वा लाख लिटर. आठ तासांनी एकदा, दोन बेड, म्हणजे दिवसाला सहा वॉश, साडेसात लाख लिटर. दिवसाला 50 लाख लिटरच्या केंद्रात 15 टक्के पाणी धुण्यात जातंय. हे 2 टक्क्यांच्या आत राहावं असा आपल्याकडचा संकेत आहे.

सचिन_ठेका

अण्णा, मान्य, पण वाळू 13 सेंटीमीटर कमी झाली आहे त्याचं काय? वेग कमी असेल तर वाळू वाहून कशी गेली? हे जुळत नाही.

अण्णा_निवृत्त

चांगला प्रश्न. रात्रपाळी, ब्लोअर चालू होता तेव्हा हवा कधी बंद करायचात? पाणी सोडण्याआधी की नंतर?

रात्रपाळी_फिल्टर

दोन्ही सोबत चालायचं. मागच्या माणसाने तसंच शिकवलं होतं. पाणी गटारात पडायला लागल्यावर हवा बंद करायचो.

अण्णा_निवृत्त

मग वाळू तिथे गेली. हवेने उचललेला कण पाण्यासोबत सरळ गटारात जातो. तुमच्यासारख्या बेडला पाणी वाळूच्या वर 10-15 सेंटीमीटरवर आणायचं, चार-पाच मिनिटं हवा द्यायची, हवा बंद करायची आणि मगच पाणी सोडायचं. वॉशच्या पाण्याच्या नाल्यात एकदा हात घालून बघा, खाली वाळू सापडेल.

टोरांटोकर

इथे कॅनडात एका जलशुद्धीकरण केंद्रात काम करतो, मूळचा सांगलीचा. एक गोष्ट जोडतो. अण्णांचा 600 हा आकडा पाण्याच्या तापमानाशी बांधलेला आहे. ऑन्टारिओ सरोवराचं पाणी हिवाळ्यात पाचाच्याही खाली असतं. पाच अंशाचं पाणी तीस अंशाच्या पाण्यापेक्षा जवळपास दुप्पट घट्ट, त्यामुळे तोच वेग दिला तर वाळू गटारावरून जाते. आम्ही हिवाळ्यात वेग कमी करतो, उन्हाळ्यात वाढवतो. तुमच्याकडे उलटं लक्षात ठेवायला हवं : मे महिन्यात पाणी पातळ असतं, तेव्हा जानेवारीच्या वेगाने धुतलं तर वाळू कमी उचलली जाते.

म्हणून आम्ही वेगापेक्षा वाळू किती फुगते ते मोजतो. पद्धत अगदी साधी. लांब काठीला दर 5 सेंटीमीटरवर छोट्या वाट्या बांधायच्या, काठी वाळूवर टेकवून उभी धरायची, वॉश करायचा, मग काढून बघायचं की सगळ्यात वरच्या कोणत्या वाटीत वाळू आली. वाळू मूळ उंचीच्या किती वर चढली ते कळतं. 62 सेंटीमीटरच्या थरात 15-20 सेंटीमीटरवरच्या वाटीत वाळू यायला हवी.

अण्णा_निवृत्त

हे उत्तम. आम्ही बाटल्यांची झाकणं बांधायचो. सांगलीकर, तापमानाचं बरोबर, पण आमच्याकडे नदीचं पाणी 20 ते 30 च्या मध्येच फिरतं, फरक असतो तो वीस-पंचवीस टक्क्यांचा. या माणसाचं दुखणं त्याहून मोठं आहे.

वैशाली_लॅब

सगळे वॉशबद्दल बोलताय, पण बेडवर येणारं पाणी कसं आहे हे कोणी विचारलं नाही. क्लॅरिफायरमधून निघणाऱ्या पाण्याचा गढूळपणा किती आहे? मी एका केंद्राच्या प्रयोगशाळेत आहे. आमच्याकडे बेड आठ तासांत भरला तर मी आधी तुरटीचा डोस बघते. फिल्टरला येणारं पाणी 10 एनटीयूच्या वर असेल तर वॉश कितीही छान करा, बेड लवकर भरणारच.

रात्रपाळी_फिल्टर

मॅडम, पावसाळ्यात 18 ते 22 जातं. आत्ता 9-10 आहे. तुरटी ठरलेल्या डोसने टाकतो, जार टेस्ट रोज होत नाही. गेल्या आठवड्यात एकदा फिल्टरचं पाणी 2.5 आलं होतं, बेड अजून चढलेला नसताना.

वैशाली_लॅब

ते 2.5 महत्त्वाचं आहे. तुमचा बेड धुवायची वेळ तेव्हाच झाली होती, पाणी चढायची वाट बघण्याआधी.

बेड दोन प्रकारे संपतो. एक, गाळाने भरून पाणी जायला वाट राहत नाही, हेडलॉस वाढतो. दोन, गाळ कणांतून निसटून खाली निघून जातो, हेडलॉस मात्र मध्यमच असतो. तुरटी कमी पडली की दुसरा प्रकार होतो, कारण फ्लॉक नाजूक असतात, तुटतात आणि थरातून पार होतात. तुरटी फार झाली किंवा क्लॅरिफायरमधून फ्लॉक वाहून आले की पहिला. म्हणून नुसतं चढणाऱ्या पाण्यावर बेड चालवणाऱ्याला दुसरा प्रकार दिसतच नाही. फिल्टरच्या आउटलेटचा गढूळपणा 1 एनटीयूच्या वर जायला लागला की हेडलॉस काहीही असो, धुवा. आम्ही दोन तासांनी मोजतो.

रात्रपाळी_फिल्टर

बरोबर मॅडम. पण आमच्याकडे मीटर लॅबमध्ये आहे आणि लॅब रात्री बंद असते. हेडलॉस तरी नीट मोजता आला तर रात्री काम होईल.

अण्णा_निवृत्त

गेज दुरुस्त होईल तेव्हा होईल. तोपर्यंत दोन पारदर्शक नळ्या घ्या, पाणी पातळीला गवंडी वापरतो त्या. एकीचं तोंड बेडवरच्या पाण्यात, दुसरी आउटलेट पाइपवर, पण नियंत्रणाच्या व्हॉल्व्हच्या आधी. दोन्ही नळ्या शेजारी भिंतीवर बांधा, दोन पातळ्यांतला फरक टेपने मोजा. तोच हेडलॉस. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर आकडा खोटा येतो, आधी पाणी सोडून बुडबुडे काढा.

मर्यादा बहुतेक ठिकाणी 1.8 ते 2 मीटर. पण मी तुम्हाला शेवटचा आकडा बघायला सांगत नाही. मला सांगा तो पहिला, वॉश संपवून बेड पूर्ण प्रवाहावर आल्यावर अर्ध्या तासाने. धुतलेल्या बेडला साधारण 20 ते 30 सेंटीमीटर लागतात. तुमचा जास्त आला तर बेड वॉशनंतरही घाणेरडाच आहे. रोज सुरुवातीचा आकडा वहीत लिहा. शेवटचा आकडा बेड कधी धुवायचा ते सांगतो, सुरुवातीचा आकडा वॉश लागू पडला का ते सांगतो.

रात्रपाळी_फिल्टर

नळ्या बांधल्या. काल रात्री वॉशनंतर अर्ध्या तासाने 68 सेंटीमीटर. दुसऱ्या बेडला 61. आठ तासांनी 1 मीटर 85.

म्हणजे आमचा बेड एक तृतीयांशाहून जास्त भरलेल्या अवस्थेतच धाव सुरू करतोय.

आणखी एक. वॉशचा व्हॉल्व्ह काढून बघितला. स्पिंडल फिरतं पण फळी पूर्ण वर येत नाही, एक-तृतीयांश तोंड बंदच. वॉश वॉटर टाकीपण निम्मी भरलेली असायची, कारण एकामागून एक दोन वॉश करायचो आणि ती भरायला वेळच मिळत नव्हता.

सचिन_ठेका

हे मात्र मी मानतो. व्हॉल्व्हची फळी अडकणं मी तीन ठिकाणी बघितलं आहे. कोणी उघडून बघत नाही, चाक फिरलं की व्हॉल्व्ह उघडला असं धरून चालतात.

सोसायटी_सेक्रेटरी

मला आता कळलं, पूलचा प्रकार वेगळा आहे. एक विचारू का? आमच्याकडे पण पंप सुरू करतो आणि काचेत पाणी नितळ झालं की बंद करतो. म्हणजे आम्हीही फसतोय का?

अण्णा_निवृत्त

तुमच्या प्रेशर फिल्टरला वेगाचा प्रश्न पंप ठरवतो, तुम्हाला तो बदलता येत नाही. वॉश झाल्यानंतर प्रेशर पूर्वीच्या मूळ आकड्याला परत येतो का ते बघा. येत असेल तर झोपा. दर महिन्याला मूळ आकडाच थोडा वर सरकत असेल तर वाळू गोळे धरतेय. प्रश्न तोच आहे, भांडं वेगळं.

रात्रपाळी_फिल्टर

पंधरा दिवसांनी लिहितोय.

व्हॉल्व्ह दुरुस्त झाला. टाकी पूर्ण भरल्याशिवाय वॉश करत नाही. खडूची चाचणी पुन्हा केली : 30 सेंटीमीटर 34 सेकंदांत. मिनिटाला 53 सेंटीमीटर. पण टाकीवरून मोजलं तर 8 मिनिटांत टाकी पावणेदोन मीटर उतरली. टाकीचं क्षेत्रफळ 50 चौरस मीटर, म्हणजे साडेसत्त्याऐंशी हजार लिटर. 24 चौरस मीटर आणि 8 मिनिटांनी भागलं तर मिनिटाला 456 लिटर येतात. 530 आणि 456, इतका फरक का? कुठलं खरं?

अण्णा_निवृत्त

दोन्ही खरी. खडूची रेघ पहिल्या मिनिटाचा वेग सांगते, टाकी भरलेली असताना. टाकीवरचा हिशोब आठ मिनिटांची सरासरी आहे, आणि पातळी उतरेल तसा दाब कमी होतो, वेग पडतो. उलटं निघालं असतं, म्हणजे टाकी जास्त सांगते आणि खडू कमी, तर मी म्हणालो असतो की वॉशच्या वेळी आउटलेटचा व्हॉल्व्ह गळतोय, पाणी बेडमध्ये न चढता तिकडून पळतंय. तुमच्याकडे तसं नाही.

पण सरासरी 456 हे हवेशिवाय कमीच आहे. ब्लोअरची फाईल पुढे सरकवा.

वैशाली_लॅब

सुरुवातीचा हेडलॉस किती झाला ते सांगा. आणि वाळूची एक साधी चाचणी करता येते. वॉशनंतर वाळूच्या वरच्या थरातली 50 मिली वाळू बरणीत घ्या, 100 मिली स्वच्छ पाणी टाकून अर्धा मिनिट जोरात हलवा, पाणी दुसऱ्या भांड्यात ओता. असं पाच वेळा. जमलेल्या 500 मिली पाण्याचा गढूळपणा मोजा. 60 एनटीयूपर्यंत असेल तर वाळू स्वच्छ. 120 च्या वर घाण. 300 च्या वर गेलं तर आत चिखलाचे गोळे तयार झाले आहेत असं समजा. 30 च्या खाली आलं तर उलट जास्त धुताय, बेड पुन्हा जुळायला वेळ लागेल.

रात्रपाळी_फिल्टर

सुरुवातीचा हेडलॉस : 68, 59, 55, 52, मग तीन वॉशमध्ये 50 वर अडकला. धाव आठ तासांवरून साधारण तेरा तासांवर आली.

बरणीची चाचणी मॅडम : 290. मला वाटतं गोळे आहेत.

बेड रिकामा करून पायऱ्यांनी खाली उतरलो. वाळू भिंतीपासून सुटली आहे, बोटभर फट आहे, आणि मधे दोन-तीन ठिकाणी भेगा. हाताने कुस्करले तर लिंबाएवढे गोळे निघाले, आत काळपट चिखल.

सचिन_ठेका

आता तरी म्हणा, वाळू बदलायची वेळ झाली.

अण्णा_निवृत्त

घाई नको. गोळे लिंबाएवढे आहेत आणि वरच्या थरात आहेत, म्हणजे अजून बुडाले नाहीत. आणखी जड झाले की खाली जाऊन गोट्यांच्या थरावर बसतात, मग तिथे पाणी जायचंच थांबतं. आता फावडं घ्या, वरचा वीतभर थर हलवून घ्या, पाण्याचा जोराचा पाइप मारून गोळे फोडा, मग लगेच वॉश द्या. दोन-तीन दिवसांच्या अंतराने पाच-सहा वेळा. ब्लोअर सुरू झाला तर उरलेलं काम हवा करेल. वाळू बदलायला लागेल की फक्त कमी पडलेली 13 सेंटीमीटर घालायची, ते त्यानंतर ठरवा. घालायची तर त्याच आकाराची, बारीक वाळू वर टाकली तर वरच गाळ अडेल आणि तुम्ही पुन्हा इथे याल.

सचिन_ठेका

हे काम करायला मजूर आणि दिवस कोण देणार? नवीन वाळूचं टेंडर निघतं, फावड्याचं टेंडर निघत नाही. मी खोटं बोलत नाही.

वैशाली_लॅब

सचिन, हे तुझं बरोबर आहे, आणि हीच खरी अडचण आहे :(

एक सूचना. बेड खोदून वॉश दिल्यावर पहिला अर्धा-पाऊण तास निघणारं पाणी गावात सोडू नका, ते नाल्यात जाऊ द्या. साध्या वॉशनंतरही पहिला वेळ पाणी थोडं गढूळ येतंच, खोदल्यावर तर फारच येईल. तशी सोय नसेल तर बेड अर्ध्या प्रवाहावर हळू सुरू करा.

रात्रपाळी_फिल्टर

दोन महिने झाले. सगळ्यांना उत्तर देणं राहिलं, माफ करा.

फावड्याने चार वेळा केलं, दोन मजूर दोन रविवार मिळाले. ब्लोअर दिवाळीच्या आधी सुरू झाला. अण्णा, तुम्ही सांगितलं तसं पाणी वाळूच्या वर 10-15 सेंटीमीटर ठेवून पाच मिनिटं हवा, बंद, मग पाणी. वॉश आता सहा मिनिटांत संपतो. सुरुवातीचा हेडलॉस एका बेडला 34 वर आला. तो बेड दिवस काढतो. बरणीची चाचणी 95.

दुसऱ्या बेडचं मात्र जमलेलं नाही. 49 वरून खाली येत नाही. हवा दिली की उत्तरेकडच्या कोपऱ्यात पाणी उकळल्यासारखं उसळतं, बाकी अर्ध्या बेडवर शांतता. वॉशमध्येही तिथेच पाणी आधी वर येतं. त्या कोपऱ्यात काठी घातली तर 50 सेंटीमीटरवर गोट्यांना लागली, बाकीकडे 60 च्या वर जाते.

अण्णा_निवृत्त

खाली नोझल किंवा लॅटरल फुटला आहे, आणि गोट्यांचा थर तिथे ढिगाऱ्यासारखा वर आला आहे. सगळं पाणी आणि हवा त्या वाटेने जाते, बाकी बेड उपाशी. पूर्वी कधी व्हॉल्व्ह एकदम उघडला गेला होता का? वॉशचं पाणी धाडकन आत शिरलं की गोटे हलतात, असं मी एकदा प्रत्यक्ष बघितलं आहे. ते फावड्याने होणार नाही. वाळू आणि गोटे काढून तळ बघावा लागेल. यावेळी सचिन बरोबर निघाला.

सचिन_ठेका

:) पण वाळू फेकून देऊ नका. काढून चाळा, धुवा, पुन्हा भरा. नवीन फक्त जेवढी कमी पडेल तेवढी. असं काम मी केलं आहे, आठ दिवस बेड बंद राहतो.

रात्रपाळी_फिल्टर

आठ दिवस एकाच बेडवर 5 एमएलडी? त्या बेडवरचा वेग दुप्पट होईल. अण्णा, चालेल का?

अण्णा_निवृत्त

24 चौरस मीटरवर ताशी साधारण 208 घनमीटर म्हणजे ताशी पावणेनऊ मीटरच्या आसपास. नेहमीच्या दुप्पट. चांगली तुरटी आणि क्लॅरिफायरचं पाणी 5 एनटीयूच्या आत ठेवलं तर काही तास बेड टिकेल, पण आठ दिवस असं चालवायला मी तयार नसतो. गावाला दिवसाआड पाणी द्या आणि प्रवाह कमी ठेवा. उन्हाळ्यात नको, जानेवारीत करा.

टोरांटोकर

जानेवारीत करणार असाल तर एक सांगतो, पाणी थंड असेल, वॉशचा व्हॉल्व्ह थोडा कमी उघडा, नाहीतर नवीन भरलेली वाळू पहिल्याच वॉशला गटारात दिसेल. काठीला वाट्या बांधूनच बघा.

वैशाली_लॅब

आणि जार टेस्ट. ती रोजची ठरवा हो, वीस मिनिटांचं काम आहे.

रात्रपाळी_फिल्टर

जानेवारीचं साहेबांना लेखी दिलं आहे. सोबत वहीची दोन पानं जोडली, सुरुवातीचा हेडलॉस आणि गढूळपणा तारखेनुसार. साहेबांनी पहिल्यांदाच पूर्ण वाचून काढली. मंजुरी यायची आहे. आली की बेड उघडल्यावर तळाचं काय निघालं ते इथेच लिहितो.